टेबलटॉप क्लिया मशीन, वर्षभरानंतर: पॅकवर 65 रुपयांची टीएसएच प्रत्यक्षात कितीला पडते

मशीनची माहिती इथे पुन्हा देत नाही. लहान लॅबसाठी क्लिया, म्हणजे प्रकाश मोजून रक्तातली हार्मोन तपासणारं मशीन, घ्यायचं म्हटलं की जी चार-पाच टेबलटॉप मॉडेलं समोर येतात, त्यातलंच हे एक. माझी लॅब कोपरखैरणेला आहे. टीएसएच, टी3, टी4 या थायरॉइडच्या टेस्टची सॅम्पल रोज बाहेर पाठवायचा कंटाळा आला होता, म्हणून घेतलं. रिझल्टबद्दल माझी तक्रार नाही, मोठ्या लॅबशी ताडून पाहिले आणि ते छान जुळतात. हे लिहायला बसले ते एकाच गोष्टीमुळे. रिएजंट पॅक उघडल्यापासून 28 दिवस झाले की मशीन त्याला कुलूप घालतं, मग आत कितीही टेस्ट शिल्लक असोत. गेल्या महिन्यात टेक्निशियन येऊन म्हणाली, "मॅडम, पॅकमध्ये अजून 29 टेस्ट दाखवतंय, पण पेशंटचं सॅम्पल घेतच नाही." पॅक 6,500 रुपयांचा. म्हणजे जवळजवळ 1,900 रुपयांचं रिएजंट डब्यात, तेही बाटलीत डोळ्यांना दिसत असताना. पॅकच्या चिपवर तारीख चढलेली असते, त्यामुळे काढून पुन्हा लावला तरी मशीन ओळखतं.

विकणारा माणूस गणित एका ओळीत सांगतो: 100 टेस्टचा पॅक, 6,500 रुपये, टेस्टला 65. मात्र या 100 टेस्ट पेशंटच्या नसतात. मशीन सुईने जितक्या वेळा रिएजंट उचलेल तितक्या त्या 100. कॅलिब्रेशनही त्यातूनच, रोजचे कंट्रोलही त्यातूनच, रिपीटही त्यातूनच.

माझ्याकडे टीएसएचचे महिन्याला साधारण 40 पेशंट. रविवार सोडला तर 28 दिवसांत कामाचे दिवस 24. रोज मशीन चालवायचं तर रोज सकाळी मशीन बरोबर वाचतंय का हे पाहायला ठरलेल्या आकड्यांचे लो आणि हाय असे दोन कंट्रोल लागतात, म्हणजे 48 टेस्ट. कॅलिब्रेशनला दोन पातळ्या, प्रत्येक दोनदा, म्हणजे 4. रिपीटला 3 धरा. पेशंटच्या आधीच 55 टेस्ट संपल्या! उरलेल्या 45 पैकी 40 पेशंटना लागतात आणि 5 वाया. पॅकचे 6,500 त्या 40 जणांवर वाटले की रिपोर्टमागे 162 रुपये पडतात. शिवाय सबस्ट्रेट, वॉश बफर, क्युव्हेट आणि टिप यांचे मिळून दर उचलीला सुमारे 12 रुपये. ते पेशंटमागे नाही, उचलीमागे, हे लक्षात ठेवा. 95 उचली म्हणजे 1,140 रुपये, पेशंटमागे आणखी 28. नुसतं रिएजंट आणि किरकोळ सामान धरून 190. हीच टेस्ट मोठी लॅब मला 130 रुपयांत करून देते, सॅम्पल न्यायला माणूसही त्यांचाच येतो.

मग सगळे सुचवतात तोच उपाय मीही केला, बॅच. सीरम वेगळं करून 2 ते 8 अंशांत ठेवलं तर टीएसएच दोन-तीन दिवसांत हलत नाही. म्हणून सोमवार, बुधवार, शुक्रवार असे तीनच दिवस रन लावायचं ठरवलं. कंट्रोल 48 वरून 24 वर आले. टेक्निशियन खूश, मीही खूश. आणि महिनाअखेर ते 29 टेस्टचं कुलूप. कंट्रोलमध्ये वाचवलेल्या सगळ्या टेस्ट कुलपात गेल्या, पॅकचा खर्च पेशंटमागे तोच 162 राहिला. वाचले ते फक्त त्या 24 उचलींचे बारा-बारा रुपये, म्हणजे पेशंटमागे सात. बॅच मोठी केली की खर्च उतरतो, हे वाक्य लॅबवाले डोळे मिटून बोलतात. पॅक मुदतीत संपत नसेल तर ते खोटं आहे. तिथे तुम्ही टेस्टचे पैसे देत नाही, 28 दिवसांचं भाडं देता.

त्या वेळी माझं ठाम मत झालं होतं की ही मुदत म्हणजे किट खपवायची युक्ती आहे. बाटलीवर छापलेली एक्सपायरी वर्षभर पुढची, मग उघडल्यावर 28 दिवसांत असं काय बिघडतं? हे मशीन मुदत संपलेल्या पॅकवर पेशंट घेत नाही, पण कंट्रोल लावू देतं. म्हणून तो कुलूपबंद पॅक आत तसाच ठेवला आणि त्यावर अधूनमधून दोन्ही कंट्रोल लावत राहिले. पहिले काही दिवस काहीच फरक नाही, आणि माझा राग वाढत गेला. पुढच्या आठवड्यात हाय कंट्रोल उतरू लागला. त्याची आमची सरासरी 14.0 आणि एसडी 0.7, तो 12.4 वर आला, म्हणजे दोन एसडीच्या बाहेर. गंमत लो कंट्रोलची. 0.50 चा तो 0.45 झाला, घट टक्क्यांत तेवढीच, पण खाली एसडी रुंद असल्याने तो एका एसडीवर बसून आरामात पास होत होता. नुसता लो पाहिला असता तर पॅक ठणठणीत वाटला असता. सँडविच पद्धतीत प्रकाश देणारं कंजुगेट मंदावलं की प्रकाश कमी पडतो आणि जुन्या कॅलिब्रेशनवर सगळेच आकडे खाली वाचले जातात. दहा टक्के घट म्हणजे 4.5 च्या पेशंटला 4.0. आमची वरची मर्यादा 4.2 आहे, म्हणजे ज्याला डॉक्टरकडे परत पाठवायचं तो नॉर्मल म्हणून घरी जाणार. तेव्हा मुदतीबद्दलचं माझं मत बदललं आहे. 28 हा आकडा थोडा राखून दिलेला असेल, पण निराधार नाही. कुणी कुलूप चुकवायचा उपाय सांगत असेल तर त्याच्या नादी लागू नका.

तक्रार उरते ती पॅकच्या आकाराची. 50 टेस्टचा पॅक असतो हे विकताना कुणी सांगत नाही, कारण तो 3,700 रुपयांना, म्हणजे टेस्टला 74 पडतो आणि महाग दिसतो. पण आठवड्यातून दोनदा रन लावला तर तीन आठवड्यांत कंट्रोल 12, कॅलिब्रेशन 4, रिपीट 2 आणि पेशंट 30. एकूण 48. दोन टेस्ट वाया आणि पॅक मुदतीच्या आत संपला. पेशंटमागे 123. टेस्टला महाग असलेला पॅक रिपोर्टला 40 रुपयांनी स्वस्त पडतो. टी3 आणि टी4 साठी मी आता तोच घेते.

टीएसएचचं वेगळं झालं. ऐरोलीच्या एका ओळखीच्या डॉक्टरांची छोटी लॅब आहे, त्यांच्याकडे महिन्याला 25 टीएसएच असतात आणि ते बाहेर पाठवायचे. मी म्हटलं, "डॉक्टर, माझ्याकडे टेस्ट कुलपात जातायत. तुमची सॅम्पल आठवड्यातून तीनदा द्या, 120 ने करून देते." ते म्हणाले, "रिपोर्ट त्याच दिवशी मिळणार असेल तर आजपासून." त्यांचा मुलगा सकाळी आइस पॅकच्या डब्यात सेंट्रिफ्यूज केलेल्या जेल ट्यूब आणून देतो. आता महिन्याचा हिशेब पेशंट 65, कंट्रोल 24, कॅलिब्रेशन 4, रिपीट 3, एकूण 96. पॅक जवळपास कोरडा. रिएजंट पेशंटमागे 100 आणि किरकोळ सामान 18. म्हणजे 190 चे 118 झाले, मोठ्या लॅबच्या 130 च्या खाली. मशीन घेतल्यापासून मला पहिल्यांदा मनापासून आनंद झाला तो त्या महिन्यात.

मशीन आणि माणूस यांचा खर्च थोडक्यात सांगते. मशीन सहा लाखांचं, सात वर्षं धरली तर महिन्याला 7,100 च्या वर, आणि मेंटेनन्स कराराचे 4,000. थायरॉइडच्या तिन्ही मिळून पूर्वी महिन्याला 120 रिपोर्ट व्हायचे, म्हणजे रिपोर्टमागे 93. आता 145 होतात, म्हणजे 77. टेक्निशियनचा पगार 24,000, मिनिटाला साधारण दोन रुपये. रन असलेल्या दिवशी प्राइमिंग, वॉश, कंट्रोल लावणं, ते तपासणं आणि शेवटची सफाई यात तिची 50 मिनिटं जातात, सॅम्पल पाच असोत की पन्नास. रोज चालवताना ती 50 मिनिटं पाच रिपोर्टवर पडायची, आता बारावर. म्हणजे बॅचची खरी बचत माणसाच्या वेळेत आहे. सगळं जोडलं तर पूर्वी 303 ला पडणारी टीएसएच आता 203 ला पडते. पेशंटकडून मी 300 घेते. पूर्वीचा आकडा पहिल्यांदा कागदावर आला तेव्हा मी तो पुन्हा पुन्हा जोडून पाहिला.

बॅचच्या दोन अडचणी सांगायलाच हव्यात. गरोदर बाई आणि नवजात बाळ यांना पुढच्या रनपर्यंत थांबवायचं नाही. रन नसलेल्या दिवशी ती सॅम्पल मी आजही मोठ्या लॅबला पाठवते, त्यात पदरचे पैसे गेले तरी. दुसरं, रन नसला तरी पॅक थंड राहायलाच हवा. महावितरणची दुरुस्ती असली की आमच्या भागात तासन्‌तास वीज नसते. यूपीएस तेवढा टिकत नाही, मग पॅक काढून फ्रिजमध्ये ठेवतो. परत लावताना चुंबकीय कण तळाला बसलेले असतात. पॅक हलक्या हाताने उलटसुलट करून ते पूर्ण मिसळले नाहीत तर पहिले काही रिझल्ट कमी येतात. फेस मात्र येऊ द्यायचा नाही.

सर्व्हिसबद्दल राग आहे तो आहेच. वॉशची सुई तुंबून बॅकग्राउंड वाढलं तेव्हा इंजिनिअर आला उशिरा. सुई बदलल्यावर तिन्ही पॅकचं कॅलिब्रेशन नव्याने करावं लागलं. 12 टेस्ट गेल्या आणि वर कंट्रोलच्या. बिघाड मशीनचा, दुरुस्ती कराराखालची, पण किट भरून द्यायला कंपनी तयार नाही. "रिएजंट करारात येत नाही," एवढंच उत्तर. करार संपत आला आहे. दुरुस्तीनंतरच्या कॅलिब्रेशनच्या टेस्ट भरून देण्याची ओळ लेखी मिळाल्याशिवाय मी सही करणार नाही, आणि ज्यांचं नूतनीकरण तोंडावर आहे त्यांनीही ती ओळ मागावी. नवीन घेणाऱ्यांनी आधी आपले 28 दिवसांचे पेशंट मोजावेत. टीएसएचला 60 च्या आत असतील आणि जवळपास सॅम्पल देणारं कुणी नसेल, तर 50 चा पॅक मिळतो का हे मशीनच्या किमतीआधी विचारा.