एपीआयने तासभर शिळा डेटा दिला, आता कस्टमरला तीन ओळी पाठवायच्या की सगळा हिशोब?

माझं दोन्ही पाठवून झालंय, एकाच घटनेसाठी, आधी तीन ओळी आणि दुसऱ्या दिवशी मोठं पत्र, म्हणून सांगतो.

झालेलं असं, की स्टॅटिक फाइल्ससाठी लिहिलेला कॅशचा नियम चुकून एपीआयच्या पाथलाही लागला आणि उत्तर कॅशमध्ये ठेवायची मुदत 60 सेकंदांच्या जागी 3600 झाली. 14:05 ला हे लाइव्ह गेलं, 14:40 ला आम्ही सेटिंग मागे घेतलं तरी तक्रारी येतच राहिल्या, कारण सीडीएनमध्ये आधीच साठलेली उत्तरं त्यांचा तासभराचा शिक्का घेऊनच बसली होती. शेवटी 15:05 ला पर्ज केलं तेव्हा थांबलं. मॉनिटरिंग गप्प होतं, सगळी उत्तरं 200 च जात होती ना.

तीन ओळींचं पत्र पटकन जातं, "काही काळ जुना डेटा दिसला, आता दुरुस्त आहे", वरच्या लोकांनाही ते बरं वाटतं, आणि ज्यांचं ॲप डेटा फक्त स्क्रीनवर दाखवतं त्यांना बहुतेक तेवढं पुरतं.

पण मला खटकलं ते "आता दुरुस्त आहे" हेच. आमच्याकडे दुरुस्त होतं, पण ज्या कस्टमरने 14:50 ला सिंक करून आकडे स्वतःच्या डेटाबेसमध्ये भरले त्याच्याकडे ते चुकीचेच राहिले, आमच्या पर्जने त्याचं काहीच साफ होत नाही. दिवसभर सगळ्यांचा एकच प्रश्न, आमच्या कुठल्या नोंदी परत घ्यायच्या? तीन ओळींत याचं उत्तरच नव्हतं, आणि मग प्रत्येकाला वेगवेगळं लिहीत बसलो.

मोठ्या पत्रात ते एकदाच सांगता आलं. लॉगमधल्या उत्तरांमध्ये हे शोधा:

```
Cache-Control: public, s-maxage=3600
Age: 2400
```

`Age` म्हणजे उत्तर कॅशमध्ये किती सेकंद पडून होतं. 14:50 ला आलेल्या उत्तरात 2400 असेल तर तो डेटा 14:10 चा, म्हणजे 60 च्या वर जे असेल ते परत घ्या. हेडर साठवत नसाल तर 14:05 ते 15:05, यूटीसी, या वेळातलं सगळंच परत घ्या. तुम्ही पाठवलेले बदल आमच्याकडे नीट पोचलेत, फक्त जुनं वाचून त्यावरून पूर्ण रेकॉर्ड परत लिहिलं असेल तर मधला कोणाचा तरी बदल पुसला गेला असेल, ते तपासा.

मोठं पत्र लिहायला वेळ लागतो आणि सगळे ते वाचतीलच असंही नाही, हे मान्य. तुमचे कस्टमर डेटा साठवत नाहीत याची खात्री असेल तर तीन ओळी चालतील कदाचित, मला मात्र ती खात्री कधीच नसते, म्हणून मी त्या तीन ओळी वर ठेवतो आणि खाली हे सगळं जोडतो.