सीटीसी 20 लाख की 18 लाख? दोन ऑफरची वर्षवार तुलना

पुण्यातल्या दोन आयटी कंपन्यांची ऑफर लेटर समोर आहेत असं धरा. अ ची सीटीसी 20 लाख आणि ब ची 18 लाख. दोन लाखांचा फरक बघून अ कडे ओढा जाणारच. पण सीटीसी बाजूला ठेवा आणि रुजू झाल्यापासूनच्या बारा महिन्यांत खरोखर काय मिळेल ते मांडा. पुढचे आकडे करापूर्वीचे, लाखांत आहेत आणि पगारवाढ धरलेली नाही.

| | अ | ब |
|---|---|---|
| फिक्स्ड | 14.50 | 16.20 |
| व्हेरिएबल (कागदावर) | 3.00 | 0.80 |
| जॉइनिंग बोनस | 1.50 | – |
| कंपनीचा पीएफ | 0.72 | 0.72 |
| आईवडिलांचा विमा (स्वतःचा खर्च) | −0.40 | – |
| पहिलं वर्ष | 17.37 | 17.28 |
| दुसरं वर्ष | 16.92 | 17.64 |

दोन्हीकडे सीटीसीत ग्रॅच्युइटीचे सुमारे 28 हजार आहेत. कायम नोकरीत ती साधारण पाच वर्षं सलग काढल्यावरच मिळते, म्हणून इथे शून्य धरली.

खरी गोम व्हेरिएबलमध्ये आहे. अ मध्ये ते सरासरी 70 टक्के आणि ब मध्ये 90 टक्के मिळतं असं धरलंय. एचआरला ‘टार्गेट किती’ हे विचारून उपयोग नाही, ‘गेल्या तीन वर्षांत या ग्रेडला प्रत्यक्ष किती टक्के दिलं’ हे विचारा आणि तिथल्या कर्मचाऱ्यांकडून पडताळून घ्या. ऑक्टोबरमध्ये रुजू झालात आणि हिशेबाचं वर्ष एप्रिल ते मार्च असेल, तर पहिल्या वेळी सहा महिन्यांचंच मिळतं. म्हणून अ चे 3 लाख पहिल्या वर्षी 1.05 लाखच होतात. पैसे देण्याच्या तारखेला नोकरीत असण्याची अट असेल, तर मेमध्ये राजीनामा देणाऱ्याचं वर्षभराचं व्हेरिएबल जूनमध्ये बुडू शकतं.

जॉइनिंग बोनस एकदाच मिळतो. तो काढला की दुसऱ्या वर्षी अ 72 हजारांनी मागे पडते. ब ची बरोबरी करायला अ ने व्हेरिएबल 94 टक्के द्यायला हवं. शिवाय वाढ बहुतेक ठिकाणी फिक्स्डवर लागते: 8 टक्के वाढ अ मध्ये 1.16 लाख, ब मध्ये जवळपास 1.30 लाख.

बोनसचं परतफेडीचं कलम नीट वाचा. कर कापून हाती सव्वा लाखाच्या आसपास येतात, पण वर्षाच्या आत सोडलं तर काही कंपन्या पूर्ण दीड लाख परत मागतात. राहिलेल्या महिन्यांच्या प्रमाणात परतफेड, असा बदल सही करण्याआधी मागून घ्या. विम्याचे 40 हजारही कर भरून उरलेल्या पगारातूनच जातात, म्हणजे फटका दिसतो त्याहून थोडा मोठा.

तरीही अ चं काम जास्त आवडलं असेल, तर फिक्स्डमध्ये 75 हजार वाढवून मागा. तेवढ्याने दुसरं वर्ष 17.67 लाखांवर जातं, म्हणजे जवळजवळ बरोबरी.