‘हॅलो, बोला’ की ‘नमस्कार, पाणीपुरवठा विभाग’?

नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात फोन वाजतो. एक कर्मचारी म्हणतो, “हॅलो, बोला.” पलीकडून प्रश्न येतो, “पाणीपुरवठा का?” “हो.” “कोण बोलतंय?” “तुम्ही कोण?” इथेच सूर बिघडतो, आणि तक्रार अजून सुरूही झालेली नसते. कधी कधी तर माणूस सगळी कहाणी सांगून मोकळा होतो आणि मग कळतं, फोन घरपट्टीला लागलाय.

दुसरी पद्धत अशी: “नमस्कार, पाणीपुरवठा विभाग. मी शिंदे बोलतेय. काय मदत करू?” चार-पाच सेकंद जातात, पण वरचे तिन्ही प्रश्न गळून पडतात. क्रमालाही कारण आहे. रिसीव्हर कानाला लागेपर्यंत पहिला शब्द बऱ्याचदा अर्धवटच ऐकू जातो. तो ‘नमस्कार’ असला तर काही बिघडत नाही, विभागाचं नाव असलं तर पुन्हा विचारावं लागतं. (राज्य सरकारने 2022 मध्ये कर्मचाऱ्यांना ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणायला सांगितलं. शब्द कुठलाही घ्या, जागा तीच.) नाव सांगितल्याने दुसऱ्या फोनला “सकाळी शिंदे मॅडमशी बोललो होतो” एवढं पुरतं. नाव न सांगणाऱ्यांना बहुधा नेमकं हेच नको असतं!

मात्र हेच वाक्य एका दमात, पाठ केल्यासारखं म्हटलं तर समोरचा “काय?” विचारतोच. विभागाच्या नावानंतर क्षणभर थांबावं. इंटरकॉमवर, आतल्या आत, “शिंदे बोलतेय” बास.