‘दोष मर्यादेत आहेत’ म्हणणाऱ्या पुरवठादाराला आधी विचारा: तपासले किती?

रावेर तालुक्यातल्या आमच्या केळी उत्पादकांच्या गटाने या हंगामात घड झाकायच्या स्कर्टिंग बॅगा एकत्र मागवल्या. २०,००० नग, म्हणजे बाराएक एकरांना पुरतील एवढ्या. कारखाना परराज्यातला. निम्मी रक्कम ऑर्डरसोबत आणि उरलेली तपासणीचा अहवाल आल्यावर द्यायची, असं ठरलं होतं. अहवाल आला. त्यावर लॉट २०,०००, एक्यूएल म्हणजे दोषांची मान्य मर्यादा २.५ आणि निकाल ‘पास’ एवढंच लिहिलेलं होतं, खाली सही-शिक्का. तो पाहून बाकी रक्कम गेली आणि माल आला.

पहिल्याच आठवड्यात मळ्यातून तक्रारी सुरू झाल्या. घडावर चढवताना पिशवीची बाजूची शिवण उसवत होती. या पिशव्या न विणलेल्या कापडाच्या असतात आणि त्यांची शिवण सुईदोऱ्याने घातलेली नसते, मशीनवर दाबून चिकटवलेली असते. तो दाब कमी पडला की शिवण बघायला नीट दिसते आणि ओढली की उघडते. पिशवी उघडी पडली की फुलकिडे आत शिरतात, पानं घासून सालीवर डाग पडतात आणि तो घड निर्यातीच्या मालातून बाहेर जातो. पिशवीची किंमत त्यापुढे काहीच नाही.

पुरवठादाराच्या माणसाला फोन केला तर तो अगदी शांतपणे म्हणाला, “दादा, एक्यूएल अडीच टक्के आहे. शंभरात दोन-तीन निघणारच. दोष मान्य मर्यादेत आहेत.”

मी जळगाव एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात काही वर्षं काम केलेलं आहे. त्यामुळे हे उत्तर अर्धवट आहे हे मला कळलं, पण गटातल्या बाकीच्यांना ते पटलं. अशीच फसवणूक आणखी कुणाची होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

एक्यूएलचा नुसता आकडा काहीच सिद्ध करत नाही. नमुना तपासणीचं भारतीय मानक आयएस २५०० भाग १ आहे, आणि त्यातले तक्ते आंतरराष्ट्रीय आयएसओ २८५९-१ चेच आहेत. तक्त्यात आधी लॉटचा आकार आणि तपासणीची पातळी बघायची. त्यावरून नमुना किती नगांचा घ्यायचा ते ठरतं. मग एक्यूएलच्या रकान्यात बघायचं, की त्या नमुन्यात जास्तीत जास्त किती दोषी नग निघाले तरी लॉट स्वीकारायचा. २०,००० च्या लॉटला सर्वसाधारण पातळी दोनला ३१५ नगांचा नमुना लागतो. एक्यूएल २.५ असेल तर १४ दोषी नगांपर्यंत लॉट पास, १५ वा निघाला की नापास. पातळी आणि नमुन्याचा आकडा सांगितल्याशिवाय ‘२.५ मध्ये पास’ या वाक्याला अर्थ नाही.

म्हणून मी लेखी विचारलं. किती पिशव्या तपासल्या, कोणत्या पातळीने, स्वीकाराचा आकडा किती होता, नमुना कोणत्या गठ्ठ्यांतून काढला आणि उसवलेली शिवण मोठा दोष धरली की किरकोळ? दोषांची मूळ नोंदवहीही मागितली. आधी उत्तर आलं की तो आमचा अंतर्गत कागद आहे. मग साहेब बाहेरगावी गेले. मी तेच प्रश्न पुन्हा पाठवले आणि लिहिलं की उत्तर न आल्यास नमुना घेतलाच नाही असं आम्ही समजू. तेव्हा कुठे तपशील आला: पातळी एस-३, नमुना २० पिशव्या, दोषी १, स्वीकाराचा आकडा १.

तक्त्यानुसार हे चूक नाही, आणि मला राग आला तो त्याचाच. एस-३ ही विशेष पातळी मानकात आहेच. पण ती कशासाठी? तपासणी फार खर्चिक असेल किंवा तपासताना वस्तूच निकामी होत असेल, आणि लहान नमुन्याचा मोठा धोका दोन्ही बाजूंना मान्य असेल, तिथे ती वापरतात. पिशवी हातात धरून शिवण ओढून बघायला खर्च तो कसला! आणि तो धोका आम्हाला मान्य आहे का, हे आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं.

तो धोका किती होता ते बघा. समजा लॉटमध्ये शंभरातल्या आठ पिशव्या खराब आहेत. त्यातून २० पिशव्या काढल्या, तर एक किंवा शून्य खराब निघण्याची शक्यता जवळजवळ निम्मी आहे. म्हणजे एवढा वाईट माल दोनदा तपासला तर एकदा पास होणार. तोच माल ३१५ पिशव्या काढून तपासला, तर तो पास होण्याची शक्यता शंभरात एक-दोनच उरते.

मग आम्ही स्वतः तपासणी केली. गठ्ठे २०, प्रत्येकात हजार पिशव्या. काही गठ्ठे फोडून वापरायला सुरुवात झाली होती, पण प्रत्येकात माल शिल्लक होता. चिठ्ठ्या टाकून प्रत्येक गठ्ठ्यातून १५-१६ पिशव्या काढल्या, वरच्या, मधल्या आणि तळच्या थरातून, एकूण ३१५. दोन्ही हातांनी शिवण ओढून पाहिली. शिवण उघडली, कापड फाटलेलं निघालं किंवा लांबी ऑर्डरपेक्षा कमी भरली, की पिशवी दोषी. सगळ्याचं चित्रीकरण केलं. २६ पिशव्या दोषी निघाल्या, १४ च्या जागी.

गठ्ठ्यानुसार मांडणी केल्यावर खरी गोष्ट दिसली. २६ पैकी १९ पिशव्या सहाच गठ्ठ्यांतल्या होत्या आणि त्या सगळ्यांत दोष एकच, उसवलेली शिवण. म्हणजे बहुधा एका मशीनचा किंवा एका पाळीचा माल बिघडला होता. अशा वेळी एक-दोन गठ्ठ्यांतून नमुना घेतला, तर चांगल्या गठ्ठ्यावर हात पडून सगळा लॉट सुटतो. मी अहवाल पुन्हा काढला आणि त्यावरचा लॉट क्रमांक गठ्ठ्यांवरच्या चिकटपट्टीशी ताडून पाहिला. जुळत नव्हता. ज्या मालाचा अहवाल दाखवून पैसे घेतले, तो माल हा नव्हताच.

पुरवठादार म्हणाला, तुम्ही वाईट पिशव्या निवडून काढल्या. चित्रीकरण पाठवल्यावर तो मुद्दा संपला. पुढचा मुद्दा आला की शिवण उसवणं हा किरकोळ दोष आहे आणि किरकोळ दोषांना एक्यूएल ४ लागतो. ४ च्या रकान्यातही ३१५ ला स्वीकाराचा आकडा २१ आहे, आणि आमच्या नमुन्यात नुसत्या उसवलेल्या पिशव्याच २३ होत्या. लॉट क्रमांकाबद्दल मात्र आजपर्यंत उत्तर नाही.

शेवटी वापरायला न काढलेले गठ्ठे त्यांनी परत घेतले, भाडं आमच्याच माथी. वापरायला काढलेल्या गठ्ठ्यांचे पैसे द्यायला नकार दिला. ती रक्कम अजून अडकलेली आहे. अहवाल, चित्रीकरण, गठ्ठ्यांवरच्या पट्ट्यांचे फोटो आणि सगळा पत्रव्यवहार लावून ग्राहक आयोगात जायचं की दिवाणी दाव्याचा मार्ग धरायचा, हे वकिलांना विचारतो आहोत, कारण खरेदी गटाच्या नावावर आहे आणि ती व्यापारी धरली जाईल का, हा प्रश्न आहे.

नव्या ऑर्डरवर आता आम्ही लिहून घेतो: आयएस २५०० भाग १, सर्वसाधारण पातळी दोन, एकेरी नमुना, शिवण, फाट आणि लांबी हे मोठे दोष, एक्यूएल २.५, नमुना सगळ्या गठ्ठ्यांतून, गाडी भरण्याआधी, आमच्या माणसासमोर, अहवालावर गठ्ठ्यांचे क्रमांक आणि दोषी नगांची मोजणी, नापास लॉटचं भाडं पुरवठादाराकडे. हे वाचून एका कारखान्याने भाव द्यायलाच नकार दिला. दुसऱ्याने पिशवीमागे थोडे पैसे जास्त लावले आणि तपासणीचा दिवस कळवला.