एकच निबंध, तीन डिटेक्टर, तीन उत्तरं: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मी सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाला इंग्रजी शिकवते. निबंध मुलाने स्वतः लिहिलाय की एआयकडून लिहून घेतलाय हे सांगणारे तीन डिटेक्टर मी जूनपासून वापरते आहे. एकाचे पैसे भरले, दोन फुकट आहेत. नावं देत नाही, कारण तिघांचे निकाल दर काही आठवड्यांनी बदलतात. जुलैत तपासलेला निबंध सप्टेंबरमध्ये पुन्हा टाकला तर आकडा वेगळा आला होता.

ऑगस्टमध्ये माण तालुक्यातल्या एका मुलाचा गावच्या पाणीटंचाईवरचा साधारण साडेसहाशे शब्दांचा निबंध आला. पहिला डिटेक्टर म्हणाला ८२ टक्के, दुसरा १४ टक्के, तिसरा ‘मिश्र’. माझ्या मनात पहिला विचार आला तो सरासरी काढायचा, आणि तोच चुकीचा होता. पहिल्याचा आकडा म्हणजे अख्खा निबंध एआयचा असण्याची शक्यता. दुसऱ्याचा आकडा म्हणजे निबंधातला किती भाग एआयचा वाटतो ते. दोन्हीकडे टक्क्याचं चिन्ह आहे म्हणून त्यांची बेरीज होत नाही.

मग कुणावर भरवसा ठेवायचा? हे ठरवायला मी माझ्या संगणकावरचे २०१८ आणि २०१९ सालचे ४० निबंध काढले. तेव्हा चॅटजीपीटी नव्हतंच, त्यामुळे हे सगळे मुलांच्याच हातचे. नावं काढून टाकली आणि तिन्हीकडे टाकले. पहिल्याने त्यातले ११ एआयचे ठरवले, तिसऱ्याने ६, दुसऱ्याने फक्त १. दुसरा शहाणा वाटला. पण मी स्वतः एआयकडून लिहून घेतलेले १० निबंध टाकले, तेव्हा पहिल्याने ९ पकडले, तिसऱ्याने ७ आणि दुसऱ्याने अवघे ४. म्हणजे दुसरा कुणावर आळ घेत नाही, कारण तो फारसं पकडतही नाही. त्याचे १४ टक्के हा मुलाच्या बाजूचा पुरावा नाही, तसे पहिल्याचे ८२ टक्के विरुद्धचाही नाहीत.

पहिल्याचा हिशेब जरा पुढे नेऊन बघा. ६० जणांच्या वर्गात समजा ६ जणांनी एआय वापरलं. त्यातले ५ सापडतील. उरलेल्या ५४ पैकी मात्र पंधराएक निर्दोष मुलं अडकतील. पकडलेल्या वीसांत पंधरा निर्दोष! हे कळल्यावर मी त्या आकड्यावरून कुणालाही बोलावणं बंद केलं.

तिघांचं एकमत झालं तर? तेही मला पुरेसं वाटत नाही. असे बरेच डिटेक्टर मुळात एकच गोष्ट मोजतात: पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो. साधे शब्द आणि ठरावीक वाक्यरचना असली की एआयचा संशय. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी टोफेल परीक्षेचे, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे, ९१ निबंध सात डिटेक्टरना दिले होते. सगळे माणसांनी लिहिलेले. सातही डिटेक्टरनी एकमताने त्यातले १८ एआयचे ठरवले, आणि निदान एकाने तरी संशय घेतला असे ८९ निघाले. सात साक्षीदार एकाच खिडकीतून बघत असतील तर ते सात धरता येत नाहीत. आमची मुलं तर मराठी माध्यमातून आलेली, त्यांचं इंग्रजी अगदी याच साच्यातलं.

पुन्हा त्या निबंधाकडे. मी तो परिच्छेदागणिक टाकला. तुकडे लहान असले की निकाल आणखी डळमळीत होतो, म्हणून याचा उपयोग फक्त कुठे विचारायचं हे ठरवण्यापुरता. पहिला परिच्छेद तिघांनीही लाल केला. टँकरच्या वेळा, विहिरीत उतरलेली आजी, छावणीतली गुरं हा मधला भाग तिघांनीही सोडला. मी मुलाला स्टाफरूममध्ये बोलावलं, आरोप न करता पहिला परिच्छेद वाचून दाखवला आणि हा कसा सुचला ते विचारलं.

तो लगेच म्हणाला, “मॅडम, तो दहावीच्या गाइडमधला आहे. पाठ आहे मला.” आणि ‘वॉटर इज द मोस्ट प्रेशस गिफ्ट ऑफ नेचर’पासून पुढची सहा वाक्यं न अडखळता म्हणून दाखवली. निबंध त्याने गूगल डॉक्समध्ये लिहिला होता. व्हर्जन हिस्टरीत चार दिवसांतली खाडाखोड दिसली. आजीचा परिच्छेद तर तीनदा मोडून लिहिलेला होता.

पैसे भरलेल्या डिटेक्टरचं सदस्यत्व मी पुढे वाढवलं नाही. तिसरा ठेवलाय, तोही कुठल्या परिच्छेदाबद्दल बोलायचं ते बघण्यापुरता. त्याचा आकडा गुणांच्या वहीत जात नाही. त्या मुलाला दहापैकी सात दिले. एक गुण पहिल्या परिच्छेदासाठी कापला आणि समासात कारण लिहिलं: गाइड.