केजे पद्धत: पावसाळ्यापासूनच्या वापरानंतर (आणि स्वस्त स्टिकी नोट्सबद्दल तक्रार)

स्टिकी नोट्सचे स्वस्तातले गठ्ठे घेऊ नका, हे आधी सांगते आणि मग गावातल्या कार्यशाळेत लोकांनी लिहिलेल्या चिठ्ठ्यांचा सारांश करायच्या पद्धतीकडे वळते. ग्रामपंचायतीच्या हॉलच्या भिंती बहुतेक चुन्याच्या किंवा साध्या डिस्टेंपरच्या असतात. हात लावला की बोटाला पांढरं लागतं. अशा भिंतीवर हलका डिंक रात्रभर टिकत नाही. गेल्या महिन्यात दोन दिवसांच्या कार्यशाळेत पहिल्या दिवशी लावलेल्या निम्म्या चिठ्ठ्या सकाळी फरशीवर होत्या, काही पंख्याच्या वाऱ्याने खुर्च्यांखाली गेलेल्या. दुकानदाराने न फोडलेले गठ्ठेसुद्धा परत घेतले नाहीत, "भिंत खराब असेल मॅडम" म्हणाला. भिंत तशीच असते, गावोगावी तशीच असते. त्यात न टिकणारी वस्तू आमच्या कामाची नाही आणि तिचे पैसे मागितले तर ते परत मिळायला हवे होते.

त्या दिवशी काम बुडालं नाही, कारण प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात क्रमांक होता आणि संध्याकाळी भिंतीचे फोटो डावीकडून उजवीकडे क्रमाने काढलेले होते. महिलांच्या गटाची चिठ्ठी म-1, म-2 अशी, पंचायतीच्या लोकांची प-1, सरकारी कर्मचाऱ्यांची क-1. नावं लिहायची नाहीत, पण कोणत्या गटातून आली ते कळलं पाहिजे. चहा व्हायच्या आत सगळं पुन्हा जागेवर लागलं.

आता मुद्द्यावर. कार्यशाळेच्या चिठ्ठ्यांचा सारांश करायला मी पावसाळ्यापासून केजे पद्धत वापरतेय. जिरो कावाकिता या जपानी मानववंशशास्त्रज्ञाची ही पद्धत. नेपाळमध्ये क्षेत्रकार्य केलेला माणूस, हातात नोंदींचे ढीग, आणि त्यांतून अर्थ कसा काढायचा हा रोजचा प्रश्न. जपानी रीतीप्रमाणे आडनाव आधी म्हणून केजे. चिठ्ठ्या जवळजवळ लावून गट करायचे हे बहुतेकांना माहीत आहे, त्यामुळे ते पुन्हा सांगत नाही. मला बोलायचंय मथळ्यांबद्दल, आणि त्यावर जरा जास्तच बोलणार आहे.

गटाचा मथळा हा पूर्ण वाक्यच हवा, त्यात क्रियापद हवं. "पाणीपट्टी", "जनजागृती", "देखभाल दुरुस्ती" असे मथळे दिसले की समजावं, सारांश झालेलाच नाही, फक्त कप्पे लागलेत. हे कप्पे कार्यशाळा न घेताही आदल्या रात्री लिहिता आले असते. वाक्य लिहायला बसलं की मात्र चिठ्ठ्या परत वाचाव्या लागतात, आणि खोटा गट लगेच फुटतो, कारण त्यातल्या चिठ्ठ्यांना एक वाक्य धरून ठेवू शकत नाही.

उदाहरण देते. नळयोजनेचं एक गाव, खालची आळी आणि वरची वाडी. बचत गटाच्या बायका, सरपंच, ग्रामसेवक, जलसुरक्षक, अंगणवाडी सेविका, शाखा अभियंता, सगळे मिळून नव्वदेक चिठ्ठ्या. विषयवार लावल्या तर वेळ, दाब, मोटारी, पाणीपट्टी, शुद्धीकरण असे पाच ढीग सहज होतात. एका ढिगात "पाणी पहाटे 5 ला येतं", दुसऱ्यात "वाडीत धार करंगळीएवढी", तिसऱ्यात "खाली सगळ्यांनी मोटारी लावल्यात", आणि "व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याला दोष देऊ नका" ही चिठ्ठी कुठेच बसेना. पद्धतीप्रमाणे आधी दोन-दोन, तीन-तीन चिठ्ठ्याच जवळ आणायच्या, मोठा गट करायचा नाही. तसं केल्यावर या चारही एकत्र आल्या आणि मथळा झाला: "दोन्ही भागांचे व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडतात, पहिला तासभर खालच्या मोटारी पाणी ओढतात, म्हणून वाडीला पोचत नाही." आता यावर काहीतरी करता येतं. "पाण्याचा दाब" या मथळ्यावर काय करणार? अभियंता नवी पाइपलाइन सुचवेल आणि बैठक संपेल.

पाणीपट्टीचंही तसंच. पंचायतीच्या चिठ्ठ्या म्हणत होत्या, वसुली होत नाही. महिलांच्या चिठ्ठ्या म्हणत होत्या, भरून काय उपयोग, न भरणाऱ्यालाही तेवढंच पाणी. वाक्य झालं: "पट्टी भरली काय, न भरली काय, पाण्यात फरक दिसत नाही, म्हणून लोक थकवतात." हे वाचल्यावर सरपंच थोडा वेळ गप्प होते आणि मग म्हणाले, "हे मात्र खरंय." सारांशात मी प्रत्येक मथळ्याखाली चिठ्ठ्यांचे क्रमांक देते. फक्त प मालिकेचे क्रमांक असतील तर तो गावाचा मुद्दा नाही, पंचायतीचा आहे, हे वाचणाऱ्याला न सांगता कळतं.

एक मत मी मध्येच बदललं. सुरुवातीला ज्या गटात जास्त चिठ्ठ्या तो मुद्दा मोठा, असं मला पटलेलं होतं, आणि अहवालात संख्येचा तक्ताही असायचा. आता तो तक्ता काढून टाकलाय. त्याच गावात एकच चिठ्ठी अशी होती: "टाकीच्या शिडीला कठडा नाही." नव्वदात एक. टाकीत पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकायला आणि टाकी धुवायला चढतो तो एकटा जलसुरक्षक, मग दुसरं कोण लिहिणार? संख्येच्या हिशेबात ती तळाला गेली असती. केजेमध्ये कशातच न बसणारी चिठ्ठी बळजबरीने गटात कोंबायची नाही, ती एकटी ठेवायची आणि पुढच्या फेरीतही एकटी राहिली तर सारांशात एकटीच मांडायची. कठड्याचा मुद्दा तसा स्वतंत्र गेला. 15व्या वित्त आयोगाच्या पाणी-स्वच्छतेसाठीच्या बंधित निधीतून तो बसवायचं पंचायतीच्या पुढच्या मासिक सभेत ठरलं.

महत्त्वाच्या वाटणाऱ्या मथळ्यापुढे ठिपका लावायचा, त्या ठिपक्यांच्या मतदानाबद्दलही असंच. लोकांना आवडतं, हॉलमध्ये जान येते. पण सरपंचांनी पहिला ठिपका जिथे लावला तिथेच पुढचे दहा जातात. आता मी आधी प्रत्येकाला आपल्या हातातल्या कागदावर पसंतीच्या मथळ्याचा क्रमांक लिहायला लावते आणि मग सगळ्यांनी एकदमच उठून ठिपके लावायचे. फरक लगेच दिसतो. तरीही ठिपके म्हणजे निर्णय नव्हे, आणि इथे बहुतेक सारांश घसरतात.

कार्यशाळेला बऱ्याच गोष्टी ठरवायचा अधिकारच नसतो. पाणीपट्टीचा दर बदलायचा तर ग्रामपंचायतीचा ठराव लागतो. पाइपचा व्यास बदलायचा तर तांत्रिक मान्यता लागते. "सर्वानुमते ठरले" असं लिहून टाकलं की सहा महिन्यांनी कुणीतरी विचारतं, ठराव क्रमांक काय? म्हणून मी निर्णयांचं पान तीन भागांत लिहिते. पहिल्या भागात, ज्यांच्या हातात आहे ते हॉलमध्येच होते आणि त्यांनी हो म्हटलं, ते "ठरलं". दुसऱ्यात शिफारस, आणि ती कुणाकडे जाणार ते. तिसऱ्यात मतभेद, दोन्ही बाजूंच्या शब्दांत. या गावात व्हॉल्व्हची वेळ पहिल्या भागात बसली, कारण सरपंच आणि जलसुरक्षक दोघंही समोर होते. मीटर तिसऱ्या भागात गेले: "मीटर आले की मोजून पाणी मिळेल" आणि "मीटर आले की बिल वाढेल", दोन्ही जसंच्या तसं. ते पान गुळगुळीत करायचा आग्रह नेहमी होतो. मी करत नाही.

पुढची पावलं लिहिताना "संबंधितांनी आवश्यक ती कार्यवाही करावी" या वाक्यावर मी बंदी घातलीय. संबंधित म्हणजे कुणीच नाही. एक माणूस, एक तारीख, आणि झालं की नाही हे तिसऱ्याला कसं कळेल ते, एवढं हवंच. वरच्या गावात पाऊल असं लिहिलं: जलसुरक्षक सोमवारपासून दोन आठवडे वाडीचा व्हॉल्व्ह 5 ला उघडतील, आळीचा 6 ला. वाडीतल्या शेवटच्या नळाखाली 15 लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो, ते अंगणवाडी सेविका रोज वहीत लिहितील. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज 55 लिटरचा आहे, म्हणजे पाच माणसांच्या घराला 275 लिटर. तासाभरात तेवढं भरायचं तर बादलीला सव्वातीन मिनिटांपेक्षा कमी वेळ लागला पाहिजे. वही बघून कुणालाही कळेल. पहिल्या दिवसांत सहा मिनिटं, नंतर तीनच्या आसपास. खालच्या आळीतून तक्रार आली, तीही वहीत आहे, आणि ती पुढच्या बैठकीचा विषय आहे.

पद्धतीतली खरी खोट वेळेची. नव्वद चिठ्ठ्या शब्द न बदलता टाइप करायला तास जातो, गट आणि मथळ्यांना आणखी दोन-तीन तास. एका चिठ्ठीवर दोन गोष्टी असतील तर ती म-12अ आणि म-12ब अशी फोडावी लागते, आणि अशा चिठ्ठ्या नेहमी असतात. हे एकटीने रात्री घरी बसून केलं तर सारांश सुबक होतो पण लोकांचा राहत नाही. म्हणून आता मी निदान मोठ्या गटांचे मथळे हॉलमध्येच लिहून, निघण्याआधी मोठ्याने वाचून दाखवते. वीस मिनिटं जातात. "असं नाही म्हटलं मी" हे वाक्य त्याच वीस मिनिटांत येतं, आणि मग मथळा दुरुस्त होतो. लोक एसटी गाठायला उठलेले असतात, म्हणून जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच वाचन ठेवा, शेवटाला ठेवू नका.

सामानाचं सांगायचं तर मी स्टिकी नोट्स घेणं बंदच केलंय. ए-4 कागदाचे चार तुकडे, जाड मार्कर, कागदी टेप आणि भिंतीवर आधी लावलेला चार्ट पेपर. चार्ट पेपर चुन्याच्या भिंतीला टेपच्या मोठ्या पट्ट्यांनी धरतो आणि गुंडाळून ऑफिसातही नेता येतो. खर्च निम्म्याहून कमी. तुमच्याकडे गुळगुळीत पांढरा फळा किंवा काच असेल तर स्टिकी नोट्स चालतील. त्या गठ्ठ्यातून खालून वर ओढू नका, बाजूने सोलून काढा, म्हणजे कडा वळत नाहीत आणि त्या जास्त टिकतात.

वीसपेक्षा कमी चिठ्ठ्या असतील तर हा सगळा खटाटोप करू नका, सरळ वाचा आणि इतिवृत्त लिहा. दीडशेच्या वर गेल्या तर दोन माणसं लावा, आणि दोघांनी एकमेकांचे मथळे तपासल्याशिवाय पान बाहेर पाठवू नका.