संस्थेच्या पत्रकावर उद्देश कोणता छापायचा? तीन मसुदे शेजारी ठेवून

नमुन्यासाठी सासवडचा एक छोटा वारकरी सेवा न्यास धरू. आषाढीला ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याहून निघून दिवे घाट चढून सासवडला मुक्कामाला येते. त्या वेळी हा न्यास वारकऱ्यांना जेवण देतो आणि पायांच्या फोडांवर मलमपट्टी करतो. एरवी गावातल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना दुपारचा डबा पोचवतो. पत्रक छापायचं ठरलं आणि विश्वस्तांपुढे उद्देशाचे तीन मसुदे आले.

पहिला, न्यासपत्रातून उचललेला: "वारकरी संप्रदायाच्या आध्यात्मिक मूल्यांचे जतन व संवर्धन करून समाजातील दुर्बल घटकांचा सर्वांगीण विकास साधणे."

दुसरा, भक्तिभावाचा: "माउलींच्या कृपेने अखंड चाललेल्या अन्नदानाच्या महायज्ञात आपली समिधा अर्पण करून पुण्याचे धनी व्हा."

तिसरा, साधा: "पांडुरंगाची सेवा म्हणून आम्ही सासवडला मुक्कामी येणाऱ्या वारकऱ्यांना जेवण आणि पायांवर उपचार देतो, आणि गावातल्या एकाकी वृद्धांना रोजचा डबा. सगळं विनामूल्य, जात-धर्म न विचारता."

पहिल्यात चूक काहीच नाही, आणि तीच त्याची अडचण आहे. त्यावर दुसऱ्या कुठल्याही संस्थेचं नाव टाका, वाक्य तसंच चालतं. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेल्या न्यासपत्रात उद्देश मुद्दाम ऐसपैस लिहितात, म्हणजे उद्या नवं काम हाती घेताना दुरुस्तीच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. तिथे तो मजकूर योग्यच आहे. पत्रक वाचणाऱ्याला मात्र पैसे नेमके कशाला जाणार ते हवं असतं, आणि "सर्वांगीण विकास" वाचून ते कुणालाच सांगता येणार नाही. पत्रकामुळे न्यासपत्र बदलत नाही हे खरं. पण न्यासपत्रात न बसणारं काम पत्रकावर छापू नये, एवढं तपासून घ्यावं.

दुसरा मसुदा कीर्तनात शोभेल. ज्यांचा जीव आधीच वारीत आहे, त्यांना तो भिडतोही. पण त्यात मलमपट्टी नाही, डबा नाही, सासवडही नाही. शिवाय खाली ८०जीच्या करसवलतीचा उल्लेख असेल, तर हा सूर जपून वापरावा. ही सवलत धर्मादाय कामाला आहे. निव्वळ धार्मिक कामावर संस्थेला वर्षाच्या एकूण उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंतच खर्च करता येतो. वारकऱ्याला जेवू घालणं आणि सप्ताहाचा मंडप घालणं या हिशोबात एक नव्हेत. पत्रकात सगळा भर यज्ञ आणि पुण्यावर असेल, तर ज्या कामासाठी सवलत मिळाली तेच झाकलं जातं. तिसऱ्यातलं "जात-धर्म न विचारता" म्हणूनच केवळ शोभेचं नाही: ठरावीक धर्माच्या किंवा जातीच्या लोकांसाठीच असलेल्या संस्थेला ही सवलत सहसा मिळत नाही. अर्थात, प्रत्यक्षात तसं वागत असाल तरच ते छापा.

माझं मत तिसऱ्याला. श्रद्धा त्यातही आहे, फक्त तीन शब्दांत: "पांडुरंगाची सेवा म्हणून". काही विश्वस्तांना ते कोरडं वाटेल. त्यांच्यासाठी वर एखादी ओवी छापावी, उद्देशाचं वाक्य फुगवू नये.

आता खालचा परिचय. त्याचं काम वेगळं आहे. उद्देश वर्षानुवर्षं तोच राहतो, परिचय दर वारीनंतर बदलतो. म्हणून आकडे परिचयातच ठेवावेत, उद्देशात नकोत. नाहीतर गठ्ठ्यातली जुनी पत्रकं वर्षभरात खोटी ठरतात. आपल्या नमुन्यातल्या न्यासासाठी असा परिचय पुरे (आकडे अर्थात मानलेले):

"गेल्या वारीत आम्ही दोन रात्रींत १,८०० जणांना जेवण दिलं आणि ३४० जणांच्या पायांवर उपचार केले. सध्या २२ वृद्धांना रोज डबा जातो. एका डब्याचा खर्च ४५ रुपये. स्वयंपाक आणि वाटप गावातले स्वयंसेवक करतात. आम्ही राहण्याची सोय करत नाही."

शेवटचं वाक्य बहुतेक जण गाळतात. मला ते सगळ्यांत उपयोगी वाटतं, कारण ते नसेल तर ऐन मुक्कामाच्या दिवशी दिंड्यांचे फोन तंबूसाठी येत राहतात. "हजारो गरजू" असला मोघम आकडा नको. मोजदाद नसेल तर आकडाच टाळा आणि काम सांगा.

करसवलतीची ओळ परिचयात न मिसळता बँक खात्याच्या तपशिलाशेजारी ठेवावी. छापण्यापूर्वी मंजुरीची मुदत संपली नाही ना ते पाहावं. अन्नदानाच्या पत्रकात दोन गोष्टी हमखास राहून जातात: रोखीतली २,००० रुपयांपुढची देणगी सवलतीत बसत नाही, आणि तांदळाचं पोतं किंवा तेलाचा डबा दिला तर त्यावर ही सवलत मुळीच मिळत नाही. धान्य देणारे गावात भरपूर असतात, तेव्हा हे त्यांना पत्रकातच कळलेलं बरं.